गोत्र फोडणारा देव

पौष शुद्ध अष्टमीला सकाळच्या संथेला बारा वर्षांचा विद्यार्थी ब्रह्मणस्पती सूक्त म्हणत होता. माघी चतुर्थीच्या आवर्तनांसाठी त्याची तयारी चालली होती. ‘गणानां त्वा’ झालं, दुसरी ऋचा झाली, आणि तिसरीत ‘रक्षोहणं गोत्रभिदं स्वर्विदम्’ इथे तो अडखळला. ‘त्र’खाली आडवी रेघ आहे, म्हणजे आवाज तिथे उतरायला हवा आणि पुढचा ‘भि’ उदात्त यायला हवा. त्याने ‘त्र’ न उतरवता तिथेच श्वास घेतला. त्यामुळे एका शब्दाचे दोन झाले, आणि स्वतःच्याच चुकीतून त्याला ‘गोत्र’ ऐकू आलं.

त्याने विचारलं, “दादा, गोत्र भिदं म्हणजे गोत्र फोडणारा ना? मग आपण संकल्पात गोत्र सांगतो, ते देव फोडतो कशाला?”

गेली सात वर्षं हे सूक्त मी म्हणतो आहे, आणि तेवढीच वर्षं प्रत्येक यजमानाला “गोत्र काय?” असं विचारतो आहे. दोन्ही एकाच आसनावर, अर्ध्या तासाच्या अंतराने. पाठ शिकताना शब्द कानाने येतो, अर्थ विचारायची वेळ येत नाही. मुलाला सांगितलं, “आधी स्वर नीट कर, अर्थ सांगतो.” अर्थ सांगायला माघ उजाडला. कुणाला असाच एखादा शब्द धरून मागे जायचं असेल तर वाटेत काय काय लागतं, ते क्रमाने लिहितो.

पहिला आधार घरातच होता. गुरुजींनी प्रश्न ऐकला आणि लगेच अमरकोश म्हटला: ‘अद्रिगोत्रगिरिग्रावाचलशैलशिलोच्चयाः’. गोत्र म्हणजे पर्वत. इंद्राच्या नावांतही ‘सुत्रामा गोत्रभिद्वज्री’ आहेच. इंद्राने पर्वतांचे पंख छाटले, म्हणून तो गोत्रभिद्. गोत्र म्हणजे कुळ, हा अर्थ अमरात वेगळ्या वर्गात येतो: ‘सन्ततिर्गोत्रजननकुलानि’. गुरुजी म्हणाले, “दोन अर्थांचे दोन शब्द समज. विषय संपला.”

दोन दिवस तसं समजून पाहिलं. पण ऋचा इंद्राची नाही, बृहस्पतीची म्हणजेच ब्रह्मणस्पतीची आहे. बृहस्पतीने पंख छाटल्याची कथा कुणी सांगत नाही. शिवाय अमरकोश ऋग्वेदाच्या कितीतरी शतकांनंतरचा. जुन्या ऋचेचा अर्थ नव्या कोशातून काढताना इथेच पाय घसरतो: कोश खोटं सांगत नाही, तो स्वतःच्या काळात शब्द कसा वापरत होते ते सांगतो.

पौष वद्य द्वितीयेला तालुक्याच्या वाचनालयात गेलो. तिथे आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश आहे, १८९०च्या आवृत्तीचं पुनर्मुद्रण, बांधणी सुटलेली. गोत्र या नोंदीत पहिलाच अर्थ ‘गाईंचा गोठा’, दुसरा कुठलाही तबेला, आणि कुळ त्यानंतर. पान झेरॉक्स केलं, दोन रुपये. घरी येताना पायात बळ आलं होतं, पण ते फार टिकलं नाही. कोशात पहिल्या क्रमांकावर असलेला अर्थ म्हणजे सर्वांत जुना अर्थ, असं गृहीत धरता येत नाही. कोशकार कधी व्युत्पत्तीच्या सोयीने क्रम लावतो. गो अधिक त्रा, म्हणजे गाईंचं रक्षण करतं ते, ही फोड सोपी आहे आणि सोप्या फोडी कोशात वर येतात. शब्द तसा वापरला होता का, हे वाक्यांतच पाहावं लागतं.

वाक्यं हवीत तर सायणभाष्यासह संहिता हवी, आणि पदसूची हवी. पुण्याच्या वैदिक संशोधन मंडळाने १९३३ ते १९५१ या काळात सायणभाष्याची पाच खंडांची आवृत्ती काढली. पदसूचीसाठी होशियारपूरचा वैदिक पदानुक्रम कोश. दोन्ही एका छताखाली मिळतील अशी जागा मित्राने सांगितली. तो पुण्यात संस्कृतात एम.ए. करतो.

पहिली खेप फुकट गेली. महाडहून पहाटेची एसटी धरून ताम्हिणीमार्गे साडेदहाला पोचलो, तर ग्रंथालयात वार्षिक पुस्तकमोजणी चाललेली. दारावर कागद होता, पण फोन केल्यावर कुणी सांगितलं नव्हतं. जाऊन-येऊन साडेचारशे गेले आणि दुसऱ्या दिवशीचं एक सत्यनारायणाचं काम दमल्यामुळे कसंबसं झालं. दुसऱ्या खेपेला, पौष वद्य एकादशीला, तयारीने गेलो: आधारची प्रत, एक फोटो, मित्राच्या विभागातल्या प्राध्यापकांची दोन ओळींची चिठ्ठी. एका दिवसाचे पन्नास रुपये. पुस्तकं कपाटातून आपण काढायची नाहीत. चिठ्ठीवर नाव लिहून द्यायचं आणि बसायचं. पाऊण तासाने पुस्तकं टेबलावर आली. दीड ते अडीच जेवणाची सुट्टी, त्या वेळी टेबल सोडावं लागतं आणि पुस्तकं परत जातात. म्हणून सगळे खंड एकदम मागवू नयेत. आधी सूची मागवावी, तिच्यातून संदर्भ उतरवून घ्यावेत, आणि नेमके खंड दुपारनंतर मागवावेत. मी उलटं केलं आणि सकाळ घालवली.

सूचीतही एक चूक केली. ‘गोत्रम्’ एवढंच शोधलं. पदसूची प्रत्येक रूप वेगळं देते, म्हणून गोत्रा, गोत्राणि, गोत्रस्य अशी सगळी रूपं पाहावी लागतात, आणि सामासिक शब्द त्यांच्या त्यांच्या जागी. ज्या शब्दापासून सगळं सुरू झालं तो गोत्रभिद् माझ्या पहिल्या यादीत आलाच नव्हता. मित्राने हसून सांगितलं आणि यादी नव्याने केली.

दुपारी कागदावर चार ओळी एकाखाली एक लिहिल्या.

पहिली ओळ आमच्याच सूक्तातली, दुसऱ्या मंडलाच्या तेविसाव्या सूक्ताची अठरावी ऋचा. ‘तव श्रिये व्यजिहीत पर्वतो गवां गोत्रमुदसृजो यदङ्गिरः’. हे अंगिरसा, तू गाईंचं गोत्र मोकळं सोडलंस तेव्हा तुझ्या गौरवासाठी पर्वत दुभंगला. अठरावी! म्हणजे तिसऱ्या ऋचेतल्या कोड्याचं उत्तर त्याच सूक्तात पंधरा ऋचा पुढे होतं, आणि मी ते शेकडो वेळा म्हटलं होतं. ‘गवां गोत्रम्’. गाईंचं. शिवाय पर्वत याच ओळीत वेगळा शब्द म्हणून उभा आहे, त्यामुळे इथे तरी गोत्र म्हणजे पर्वत हा अर्थ बसत नाही.

दुसरी पहिल्या मंडलातली, १.५१.३. ‘त्वं गोत्रमङ्गिरोभ्योऽवृणोरपोतात्रये शतदुरेषु गातुवित्’. इंद्रा, तू अंगिरसांसाठी गोत्र उघडलंस, आणि शंभर दारांच्या जागेत अत्रीला वाट दाखवलीस. या ओळीपाशी बराच वेळ थांबलो. अंगिरस आणि अत्री, दोघेही आज गोत्रांच्या यादीतले ऋषी. संकल्पात ‘आत्रेय गोत्र’ म्हणणारे यजमान मला ठाऊक आहेत. ते दोन्ही ऋषी ज्या ओळीत शेजारी येतात, तिथे गोत्र हा शब्द त्यांच्या वंशाला लावलेला नाही. त्यांच्यासाठी उघडलेली ती एक बंदिस्त जागा आहे.

तिसरी, ३.३०.२१: ‘आ नो गोत्रा दर्दृहि गोपते गाः’. हे गाईंच्या स्वामी, आमच्यासाठी गोत्रं फोड, गाई दे. चौथी, १०.१०३.७: ‘अभि गोत्राणि सहसा गाहमानः’. इंद्र बळाने गोत्रांत घुसतो आहे. हे अप्रतिरथ सूक्त, आणि याच्या आदल्याच ऋचेत ‘गोत्रभिदं गोविदं वज्रबाहुम्’ येतं: गोत्र फोडणारा, गाई मिळवणारा.

अर्थ ठरवायची मित्राची रीत साधी आहे. शब्दावर बोट ठेवायचं, तो झाकायचा, आणि उरलेल्या ओळीत क्रियापद काय आहे ते बघायचं. इथे क्रियापदं अशी निघाली: उघडणं, मोकळं सोडणं, फोडणं, आत घुसणं. उघडतात, फोडतात आणि जिच्यात घुसतात अशी वस्तू म्हणजे आवार, कोंडवाडा, गोठा. पाठीमागची कथाही तीच आहे: पणी नावाच्या शत्रूंनी गाई खडकाच्या कपारीत कोंडल्या आणि इंद्र-बृहस्पतींनी अंगिरसांबरोबर त्या सोडवल्या. गोठाच खडकात होता, म्हणून गोत्राचा अर्थ पुढे पर्वत झाला असावा हे समजतं. निघंटू या वैदिक शब्दांच्या जुन्या यादीत तर गोत्र मेघाच्या नावांत आहे, कारण कोंडलेल्या गाई म्हणजे कोंडलेलं पाणी, असा अर्थ लावणारी परंपरा होती. सायणाचार्य कुठे मेघ घेतात, कुठे गाईंचा समूह. गुरुजींचा पर्वत चुकीचा नव्हता. तो मधल्या मुक्कामाचा अर्थ होता.

गाडी मात्र ‘मोकळं सोडणं’ या क्रियापदापाशी अडली. गोठा उघडतात, सोडत नाहीत. सोडतात ती गुरं. मग गोत्र म्हणजे गोठा की कळप?

मॅकडोनेल आणि कीथ यांच्या १९१२च्या वेदिक इंडेक्समध्ये नेमका हाच वाद नोंदवलेला सापडला. रोथ यांच्या मते गोठा, गेल्डनर यांच्या मते कळप. कुळ हा अर्थ कळपावरून आला असावा, असं त्या नोंदीत सुचवलं आहे. छांदोग्य उपनिषदात तो अर्थ आहेच. मित्राने पाणिनी काढला. तोवर एकच सूत्र ऐकून माहीत होतं, ‘अपत्यं पौत्रप्रभृति गोत्रम्’, ४.१.१६२. नातवापासून पुढची संतती म्हणजे गोत्र. व्याकरणातली ही पारिभाषिक संज्ञा आहे. पण पुढच्याच पादात, ४.२.५१ला, ‘इनित्रकट्यचश्च’ हे सूत्र आहे. खल, गो आणि रथ या शब्दांना समूह या अर्थी तीन प्रत्यय लागतात आणि खलिनी, गोत्रा, रथकट्या ही रूपं होतात. गोत्रा म्हणजे गाईंचा समूह. एकाच ग्रंथात गोत्र वंश आहे आणि गोत्रा गुरांचा कळप आहे.

इथे मी आणखी एक दिवस वाया घालवला. ‘आ नो गोत्रा दर्दृहि’ मधला गोत्रा म्हणजे पाणिनीचाच स्त्रीलिंगी शब्द, असं समजून वहीत ठळक लिहून ठेवलं. मित्राने फोनवर दुरुस्त केलं. वेदात नपुंसकलिंगी अनेकवचन ‘आ’कारान्तही होतं, ‘विश्वानि’ऐवजी ‘विश्वा’ येतं तसं. दहाव्या मंडलात गोत्राणि आहेच, म्हणून हा शब्द नपुंसकलिंगीच धरायचा. दिसायला सारखं रूप म्हणजे तोच शब्द, असं वेदात कधी मानू नये.

डेक्कन कॉलेजच्या ऐतिहासिक संस्कृत कोशात पाहावं असंही सुचलं होतं. ते काम १९४८पासून चालू आहे आणि प्रत्येक शब्द काळाच्या क्रमाने देतं, म्हणजे मला हवं होतं तसंच. पण छापलेले खंड अजून ‘अ’पाशीच आहेत. ‘ग’ माझ्या हयातीत येईलसं वाटत नाही.

संध्याकाळी साडेपाचला ग्रंथालय बंद झालं. अठरा पानं झेरॉक्स, छत्तीस रुपये. जुन्या खंडांच्या झेरॉक्सला तिथे परवानगी नाही, त्या ओळी हाताने उतरवल्या. स्वरचिन्हं उतरवताना लाल पेन न्यावं; काळ्यात काळी रेघ घरी आल्यावर दिसत नाही.

गोठा की कळप, याचं उत्तर वहीत मिळालं नाही. ते थोडंफार मिळालं आमच्याच शेतात. भातकापणीनंतर फलटण-बारामतीकडचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात. आमच्या खाचरात दरवर्षी तीन-चार रात्री मेंढरं बसवतात, लेंडीखतासाठी, आणि बदल्यात भात देतात. पौष अमावास्येच्या संध्याकाळी त्यांचा तळ पडला. पोरं वाघर लावत होती. वाघर म्हणजे जाळं. खुंट्या ठोकून ते गोल ताणलं की आत मेंढरं. बाजूला घोड्यांवरून उतरवलेली बिऱ्हाडं, तीन दगडांच्या चुली.

तळाच्या म्हाताऱ्याला विचारलं, “बाबा, वाडा कुठला?”

“फलटणकडला.”

“तसं नाही. वाडा म्हणजे नेमकं काय? हे जाळं?”

त्याने जाळ्याकडे पाहिलंही नाही. चुलींकडे हात केला. “हा काय, वाडा. आमी सा बिऱ्हाडं.”

“आणि मेंढरं?”

“ती बी वाड्याचीच की.”

वाडा हा शब्द मुळात कुंपणाचा. गुरांचा वाडा, कोंडवाडा, मेंढवाडा. धनगरांत तोच शब्द एकत्र फिरणाऱ्या बिऱ्हाडांना लागतो, आणि त्यात त्यांची मेंढरं धरलेलीच असतात. ‘वाडा उद्या हलणार’ म्हटलं की जाळं, जितराब आणि माणसं तिन्ही हलतात. मोनिअर-विल्यम्स यांच्या १८९९च्या कोशात गोत्र शब्दाच्या कुळ या अर्थाशी ‘एका कुंपणाआडचं कुटुंब’ असं स्पष्टीकरण आहे. पुण्यात ते वाचताना मला ते ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं होतं. वाघरीशेजारी उभं राहिल्यावर तसं वाटलं नाही. रोथ यांचा गोठा आणि गेल्डनर यांचा कळप हे म्हाताऱ्याच्या तोंडी एकच होतं. याने ऋग्वेदातला अर्थ सिद्ध होत नाही. शब्द आवारावरून जनावरांवर आणि जनावरांवरून माणसांवर कसा सरकतो, एवढंच दिसतं. मराठीतही गोठा आणि गोष्ट हे दोन्ही शब्द गोष्ठावरूनच आले आहेत: गाई उभ्या राहायच्या ती जागा, मग माणसं जमायची ती बैठक, मग बैठकीतलं बोलणं.

वंश हा अर्थ आल्यावरचं चित्र छांदोग्यात चौथ्या अध्यायात आहे. सत्यकाम आईला विचारतो, ‘किंगोत्रो न्वहमस्मि’, माझं गोत्र कोणतं? जबाला सांगते, मला माहीत नाही. तो गौतमांकडे जाऊन तसंच सांगतो. ते त्याला खरं बोलल्याबद्दल ठेवून घेतात आणि काय देतात? चारशे रोडक्या गाई. हजार झाल्याशिवाय परतणार नाही म्हणून तो त्या घेऊन रानात जातो. ज्याला गोत्र सांगता आलं नाही त्याच्या हाती कळप. उपनिषदकाराला जुना अर्थ आठवत होता असं मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण वाचताना मी थांबलो एवढं खरं.

माघ शुद्ध द्वितीयेला सगळे कागद गुरुजींपुढे ठेवले. त्यांनी चारही ऋचा आधी सस्वर म्हणून पाहिल्या, माझी उतरवताना झालेली एक स्वराची चूक दाखवली, आणि ‘गवां गोत्रम्’वर बोट ठेवून गप्प बसले. मग म्हणाले, “अठरावी रोज म्हणतो रे आपण.” थोड्या वेळाने विचारलं, “संकल्पात काही बदल करायचा म्हणतोस का?” मी नाही म्हणालो. संकल्पातला गोत्र शब्द सूत्रकाळापासून वंशाच्या अर्थानेच आहे, तिथे तोच बरोबर. ऋचेतला ऋचेत बरोबर. “मग मुलाला सांग,” ते म्हणाले, “पण आधी स्वर.”

चतुर्थीला सकाळी सहाला पहिल्या यजमानाकडे पोचलो. मुलगा ताम्हन धरायला बरोबर होता. यजमान मुंबईहून आलेले, गोत्र विचारल्यावर बायकोकडे बघू लागले. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायचं ही रूढी आहे. सगळी प्रजा कश्यपाची, या आधारावर. “काश्यपगोत्रोत्पन्नस्य” म्हणून पाणी सोडायला सांगितलं.

अभिषेक सुरू झाला. तिसऱ्या ऋचेला मुलाने माझ्याकडे पाहिलं. ‘त्र’ नीट खाली उतरला, श्वास मध्ये तुटला नाही, ‘भि’ जागेवर आला. अठराव्या ऋचेला त्याला हसू आवरेना, आणि ताम्हनातलं थोडं पाणी यजमानांच्या सोवळ्यावर सांडलं.